नमस्कार कुणाला, हाय कुणाला

प्रश्न: मी मराठीच आहे पण शाळा-कॉलेज सगळं हैदराबादला झालं. आता बँकेत लागलोय, पोस्टिंग सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी. सगळ्यांना नमस्ते म्हणतो तर एक काका हसून म्हणाले, साहेब कुठल्या मुलखातले? घरमालकीण काकूंना एकदा हाय म्हटलं तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. नमस्कार, नमस्ते, हॅलो, हाय, नक्की कुणाला काय म्हणायचं?

उत्तर:

मी 31 वर्षं बँकेच्या काउंटरला काढली, त्यातली निम्मी तुमच्याच भागात, आणि रिटायर झाल्यापासून बाहेरून आलेल्या पोरापोरींना बोलायचं मराठी शिकवते. तुमच्यासारखे दर बॅचला दोन-तीन असतातच, घरात मराठी बोलणारे पण गल्लीतलं मराठी न ऐकलेले.

पहिलं नमस्तेचं बघू. नमस्ते चुकीचं नाहीये, कुणी रागवत नाही, फक्त ते कानाला बाहेरचं लागतं. आपल्याकडे नमस्ते म्हणजे एकतर हिंदी बोलणारा माणूस, नाहीतर शाळा. साहेब वर्गात आले की मॉनिटर ओरडायचा 'एक साथ नमस्ते' आणि सगळी पोरं बाकावरून उठून तालासुरात न-म-स्ते. त्यामुळे चाळीशीच्या माणसानं काउंटरवर नमस्ते म्हटलं की ऐकणाऱ्याला एकतर वाटतं हा यूपी-बिहारचा साहेब, नाहीतर चौथीचा वर्ग आठवतो. गंमत म्हणजे उत्तरेत नमस्ते इतकं पसरवण्यात ज्या आर्य समाजाचा मोठा हात, त्याची स्थापना 1875 साली मुंबईत, गिरगावात झाली, पण शब्द तिकडे रुजला आणि आपल्याकडे नमस्कारच राहिला. तुम्ही तर हैदराबादचे, तेलुगूत नमस्कारम् म्हणताच की, त्यातला शेवटचा म् गाळा, झालं काम. तुमच्या तालुक्याची हद्द कर्नाटकाला लागून असेल तर तिकडचे लोकही नमस्कार रीच म्हणतात, म्हणजे हा शब्द सांगलीच्या चारी बाजूंना चालतो.

नमस्ते अजून एका कारणानं आपल्या बोलण्यात अडकतं. नमस्ते हे आख्खं वाक्य आहे, नमः आणि ते, म्हणजे 'तुला नमन'. एकदा म्हटलं की संपलं, त्याचं पुढे काही होत नाही. नमस्कार हे नाम आहे, त्यामुळे तो करता येतो, घेता येतो, सांगता येतो, पाठवता येतो. 'आईंना माझा नमस्कार सांगा' असं रोज म्हणतो आपण, 'माझं नमस्ते सांगा' कुणी म्हणत नाही. एखाद्याचा वैताग आला तर 'त्याला आपला कोपरापासून नमस्कार' म्हणतो, आणि काहीतरी करून दाखवल्याशिवाय कुणी विचारत नाही तेव्हा 'चमत्काराशिवाय नमस्कार नाही'. एवढा घरात शिरलेला शब्द सोडून दुसरा वापरला की लोक वर बघणारच.

आता खरी मेख ऐका. तुम्ही म्हणाल बरं, मग सगळ्यांना नमस्कार. तर तेही नाही. पहिल्या महिन्यात चालेल, सहाव्या महिन्यात लोक म्हणतील साहेब जरा ताठच आहेत. कारण नमस्कार या शब्दात मान असतो तसं अंतरही असतं. माझीच गोष्ट सांगते. नोकरीला लागून महिना झाला असेल, अंगात नवीन साडी आणि नवीन शिस्त, काउंटरला माझे सख्खे मामा आले पेन्शनचं बघायला. लाईनीत दहा माणसं उभी, साहेब मागे बसलेले, मी आपलं हात जोडून म्हटलं 'नमस्कार, काय काम आहे?' मामा काही बोलले नाहीत, काम करून गेले. रात्री आईकडे निरोप, 'तुझी लेक मला परक्यासारखा नमस्कार घालती, ओळख तरी ठेव म्हणावं.' त्या लाईनीत 'या मामा, बसा जरा' एवढंच म्हणायला पाहिजे होतं, बास. पुढच्या दिवाळीला वाकून नमस्कार केला तेव्हा कुठे मामा हसले.

म्हणजे बघा, एकाच शब्दाची दोन कामं आहेत. एक तोंडानं म्हणायचा नमस्कार, तो अनोळखी, अर्धवट ओळखीच्या, किंवा कामापुरत्या माणसासाठी. आणि एक वाकून करायचा, तो घरच्यांसाठी. घरातल्या मोठ्यांना आपण सकाळी उठून 'नमस्कार बाबा' म्हणत नाही, म्हटलं तर बाबा विचारतील बरं नाही का. पण परीक्षेला निघताना, पहिला पगार झाल्यावर, पाडव्याला, दसऱ्याला आपट्याची पानं देताना, गावाला जाताना पाया पडतो, आणि तेव्हा वाकता वाकता 'नमस्कार करतो हं' म्हणायचं असतं, म्हणजे समोरचा सावरून उभा राहतो आणि आशीर्वाद द्यायला मोकळा होतो. ह्यात दोन गोष्टी नवीन माणूस हमखास चुकतो. आडव्या झालेल्या माणसाच्या पाया पडायचं नाही, आज्जी पलंगावर पडल्या असतील तर त्या उठून बसेपर्यंत थांबायचं. आणि जेवत असलेल्याला नमस्कार घालून अडचणीत टाकायचं नाही, त्यांचा हात खरकटा, ते जोडणार कसे, तेव्हा आपणच म्हणायचं 'जेवा जेवा, बसतो मी'.

जुन्या पत्रांत ही सगळी उतरंड लिहून ठेवलेली असायची. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसारख्या माणसाला 'तीर्थस्वरूप', आणि खाली 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', सप्रेम नमस्कार. आणि धाकट्याला चिरंजीव अमुक यास अनेक आशीर्वाद, म्हणजे धाकट्याला नमस्कार नाहीच. हे अजून बोलण्यात शिल्लक आहे. घरातली मोठी बाई दुपारी बारा वाजता उठलेल्या पोराला 'नमस्कार! उगवलात का?' म्हणते तेव्हा तो टोमणा असतो, कारण नमस्कार खालून वर जायचा तो वरून खाली आला. त्यामुळे तुमच्या शाखेत नवीन लागलेल्या पोराला तुम्ही हात जोडून नमस्कार म्हटलात तर तो दचकेल, वाटेल काल कॅश जुळली नव्हती ते साहेबांना कळलं वाटतं.

मग जवळच्यांना, ओळखीच्यांना काय म्हणायचं? तर काहीच म्हणायचं नाही, हाक मारायची आणि काहीतरी विचारायचं. 'काय आबा, आज लवकर?' 'काय मावशी, गुडघा काय म्हणतोय?' हेच अभिवादन. आणि हेच तुम्हाला लोक करतात तेव्हा तो प्रश्न समजू नका. रस्त्यानं जाताना पारावर बसलेली माणसं विचारतात 'काय साहेब, कुणीकडं?' आमच्या शाखेत एक दिल्लीकडचा पोरगा होता, तो दर वेळी खरं उत्तर द्यायचा, सलूनला जातोय, मग मेडिकलला जाणार, मग एटीएमला, आणि मनातून चिडायचा की ह्यांना काय करायचंय. अहो ते हॅलोच आहे. 'हे काय, जरा बाजारात' म्हणायचं आणि चालायला लागायचं. 'जेवण झालं का?' हेही तसलंच, नाही झालं म्हणालात तर घरात ओढून नेतील, तेवढं लक्षात असू द्या.

आता काउंटरचं सांगते, कारण तुमचा दिवस तिथंच जाणार. सकाळी दार उघडणारे शिपाई वयानं मोठे असतील तर 'काय मामा, चहा झाला का', त्यांना हाय नको, आणि 'गुड मॉर्निंग'ही जरा साहेबी वाटतं, ते आत मॅनेजर साहेबांसाठी ठेवा. साहेबांना 'नमस्कार सर' किंवा 'गुड मॉर्निंग सर', दोन्ही चालतं, ते स्वतः काय म्हणतात ते दोन दिवस ऐका आणि तसंच करा. बरोबरीच्या पोरांना हाय म्हणा, कॉलेज सुटून फार वर्षं झालेली नसतात, पण तुमच्या भागात हाय पण लांबचं वाटतं, आठवड्यात ते 'काय भावा' वर येतील आणि तुम्हीही याल.

मग दार उघडतं. समजा पहिले आले सत्तरीचे आजोबा, डोक्यावर टोपी, हातात पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. इथे सगळ्यात महत्त्वाचं काय तर नमस्कारानंतरचा शब्द. नुसतं 'नमस्कार' म्हटलं तर ते अर्धंच झालं, बातम्या सांगणारा म्हणतो तसं. 'नमस्कार आजोबा, या' म्हणा. खरं सांगू, मान नमस्कारात जेवढा नाही तेवढा त्या आजोबात आहे. आबा, तात्या, अण्णा, आक्का, मावशी, वहिनी, ताई, दादा, हे शब्द जो हाताळायला शिकला त्याचं हॅलो म्हटलेलंही खपतं. मी बघितलंय, एक पोरगी सगळ्यांना 'हाय काका, हाय आज्जी' म्हणायची, हसून, उभी राहून, आणि आज्ज्या तिच्याच काउंटरला लाईन लावायच्या, आणि शेजारचा आमचा एक जण स्वच्छ नमस्कार म्हणायचा पण कॉम्प्युटरमधून मान वर न काढता, त्याच्या तक्रारी यायच्या. मान वर करून बघणं, बसलेलं असाल तर जरासं उठल्यासारखं करणं, हे शब्दाच्या आधी येतं. हात दोन्ही जोडायची गरज नाही, हातात नोटा असतात, नुसती मान लववली तरी पोचतं.

नात्याचा शब्द निवडताना एक सांभाळा. तिशी-पस्तिशीच्या बाईला काकू म्हणालात की गेलात, तिला ताई किंवा मॅडम. पन्नाशीच्या शिक्षिकेला मावशी नको, मॅडम किंवा बाई, गावात शिक्षिकेला बाईच म्हणतात आणि त्यात मान आहे. बचत गटाच्या बायका एकदम दहा-बारा येतात, तिथे एकेकीला नमस्कार करत बसू नका, सगळ्यांकडे बघून 'नमस्कार, या या, बसा' आणि मग त्यांच्यातली अध्यक्ष कोण ते विचारा. आणि बायकांपुढे हात मिळवायला हात पुढे करू नका, तिनं केला तर मिळवा. नमस्काराचा हा एक मोठा फायदा, हात कुणी पुढे करायचा हा घोळच उरत नाही.

सरपंच, साखर कारखान्याचे संचालक, डॉक्टर वगैरे मंडळींना सरळ 'नमस्कार साहेब', 'नमस्कार डॉक्टर'. इथे चुकायला जागा नाही. कॉलेजची मुलगी स्कॉलरशिपचं खातं काढायला आली तर तुम्ही आधी 'बोला' किंवा 'हां, काय हवंय' म्हणा, ती हाय म्हणाली तर तुम्हीही हाय म्हणा, पण तुमच्याकडून हायनं सुरुवात नको. तुम्ही टेबलामागे बसलेले, ती समोर उभी, वयाचा फरक सात-आठ वर्षांचाच, तो हाय चुकीचा ऐकू जाऊ शकतो. हाय हा शब्द बरोबरीचा आहे, आणि बरोबरी कुठल्या प्रकारची ते समोरचा ठरवतो. उलट लहान पोराला खुशाल हाय म्हणा, त्याची आईच सांगते 'काकांना हाय कर', आणि ते पोर हाय करायचं सोडून आईच्या पदरामागे जातं.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ह्यात बाहेरून आलेली माणसं शहाणपणा करायला जातात. तुमच्या भागात सगळेच नमस्कार म्हणत नाहीत. शेतकरी माणूस 'राम राम' घालेल. वारकरी असेल तर 'राम कृष्ण हरी' किंवा 'माउली'. जैन समाज सांगली-कोल्हापूरकडे भरपूर, तिथे 'जय जिनेंद्र' ऐकाल. 'जय भीम' ऐकाल, नागपूरजवळच्या कामठीचे आंबेडकरी कार्यकर्ते बाबू हरदास यांच्यापासून रूढ झालेलं. 'जय शिवराय' तरुण पोरांत खूप. मुसलमान चाचा सलाम करतील, पुष्कळदा नमस्कारही म्हणतील. माझा नियम असा की सुरुवात आपण करायची तर नमस्कारानं करायची, आणि समोरच्यानं जे घातलं ते तसंच परत द्यायचं, राम रामला राम राम, जय भीमला जय भीम. जय भीम म्हणणाऱ्याला मुद्दाम नमस्कार म्हणून उत्तर दिलं की ते त्याला बरोबर समजतं, तुम्हाला नाही समजलं तरी. पण उलटं कधी करू नका, पासबुकावरचं आडनाव वाचून आपणहून जय जिनेंद्र नाहीतर जय भीम म्हणायला जाऊ नका. तुम्हाला वाटेल आपण आपुलकी दाखवली, त्याला वाटेल ह्यानं आधी माझी जात बघितली. आमच्या शाखेत एका ऑफिसरनं हे केलं होतं आणि आडनावावरून अंदाजही चुकला होता, पुढचा अर्धा तास साहेब त्या गृहस्थांना केबिनमध्ये चहा पाजत होते.

हॅलोकडे येऊ. हॅलो आपल्याकडे फोनबरोबर आला आणि अजून बराचसा फोनमध्येच राहतो. एडिसननं फोनवर हॅलो म्हणावं असं सुचवलं, फोन काढणाऱ्या बेलला 'अहॉय' हवं होतं, तेव्हापासून हॅलो म्हणजे मुळात 'ऐकू येतंय का'. मराठीत अजून तोच अर्थ आहे. रेंज गेली की हॅलो हॅलो, माईक टेस्टिंगला हॅलो हॅलो, आणि भांडणात 'ओ हॅलो, कुणाशी बोलताय?' 2022 साली 2 ऑक्टोबरपासून सरकारी कार्यालयांत फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणावं असं राज्य सरकारनं परिपत्रक काढलं होतं, सक्ती नव्हती, तर ज्यांना म्हणायचं ते म्हणतात, पण बहुतेकांच्या तोंडून फोन उचलताना हॅलो निघतोच.

बँकेतून गिऱ्हाईकाला फोन करताना मी पोरांना हे असं घोकून घेते: 'हॅलो, नमस्कार, मी अमुक बँकेच्या अमुक शाखेतून बोलतोय, पाटील साहेब बोलतायत का?' हॅलो तार जुळली का बघायला, नमस्कार माणसासाठी. नुसतं हॅलो म्हणून कामाला लागलात तर आजकाल लोकांना वसुलीचा नाहीतर फसवणुकीचा फोन वाटतो आणि कट करतात. नमस्कारानंतर एक श्वास थांबा, समोरचा नमस्कार म्हणेल, मग पुढे. हे थांबणं पोरं गाळतात, एका दमात केवायसीपर्यंत पोचतात.

आणि ओळखीच्यांच्या फोनला उलट. नाव स्क्रीनवर दिसतंय तर 'हां काकू, बोला' म्हणून उचलायचं. सेव्ह केलेल्या नंबरला कोरडं 'हॅलो?' म्हटलं की घरमालकीण विचारतेच, 'नंबर सेव्ह नाही वाटतं माझा?' माझ्या सुनेला पहिल्या वर्षी मीच विचारलंय हे, मुद्दाम, शिकवायला (सून म्हणते मुद्दाम नव्हे, रागानं).

समोरासमोर हॅलो कुठे चालतो? पुण्यामुंबईच्या ऑफिसात, दवाखान्यात, मीटिंगला, जिथे ओळख नाही पण वयही फार वेगळं नाही आणि बोलणं अर्धं इंग्रजीत होणार आहे तिथे 'हॅलो सर, हॅलो मॅडम' अगदी रुळलंय, हायपेक्षा एक पायरी वर आणि नमस्कारापेक्षा जरा मोकळं. तुमचे झोनल ऑफिसवाले आले तर हॅलो सर चालेल. पण गावातल्या माणसाला तोंडावर हॅलो म्हटलं की तो क्षणभर बघतो, मला हाक मारली का, असा. हाकेसाठी आपल्याकडे 'ओ काका', 'अहो ताई' आहे, ते वापरा.

व्हॉट्सअपवर गिऱ्हाईकाला नुसतं हाय टाकून थांबू नका, माणूस दोन तास विचार करतो बँकेनं हाय का म्हटलं. 'नमस्कार, आपलं चेकबुक आलं आहे' एका मेसेजात लिहा. हात जोडलेला इमोजी चालतो, वयस्कर लोकांना तर आवडतो, पण तोच इमोजी गावच्या ग्रुपवर श्रद्धांजलीलाही टाकतात, त्यामुळे दुःखाच्या बातमीखाली वाढदिवसाचा केक जाऊ नये एवढं वर वाचून मगच टाका.

दुःखाचं निघालं म्हणून, एखाद्या खातेदाराच्या घरी कुणी गेलं तर तुम्हाला भेटायला जावं लागेल, मॅनेजर साहेब घेऊन जातील. तिथे नमस्कार म्हणायचा नाही. हात जोडायचे ते फोटोपुढे, घरच्यांजवळ गप्प बसायचं, त्यांनी बोलायला काढलं तर बोलायचं. सुतकात कुणाच्या पाया पडत नाहीत. आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. एरवी आपण कुणाकडूनही निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, फक्त ह्या एका घरून काही न बोलता उठायचं. माझा एक विद्यार्थी, फार गुणी पोरगा, तिथून 'ओके, येतो मग' म्हणून उठला आणि साहेबांनी गाडीत बसल्यावर त्याला समजावलं, त्याला आधी कळेचना चूक काय झाली.

आता तुमच्या काकू. हाय म्हटल्यावर बोलल्या नाहीत म्हणजे रागावल्याच असं धरू नका, त्यांना उत्तर काय द्यायचं तेच सुचलं नसेल. साठीच्या बाईला हायला हाय म्हणणं अवघड जातं, नमस्कार म्हणावं तर तुम्ही हाय म्हटलेलं, मग गप्प बसणं सोपं. 'माफ करा काकू' वगैरे काही नको, त्यानं ते मोठं होईल. उद्या सकाळी डबा घेऊन निघताना दारात दिसल्या की म्हणा, 'काकू, येतो.' एवढंच. त्या 'या' म्हणतील, नाहीतर नुसती मान हलवतील. संध्याकाळी आलात आणि त्या ओट्यावर भाजी निवडत असतील तर 'काय काकू, आज मेथी का?' म्हणा. चार दिवस हे करा, पाचव्या दिवशी त्याच विचारतील 'जेवण झालं का', आणि तिथून पुढे तुम्हाला त्यांना नमस्कार म्हणायची वेळ येणार नाही, दिवाळीला पाया पडाल तेवढीच.

आणि एकाच माणसाला दिवसातून तीनदा नमस्कार घालू नका. पहिल्यांदा भेटलात तेव्हा झाला. दुपारी चहाच्या गाड्यावर परत तेच काका दिसले तर नुसती भुवई वर, किंवा 'झाला का चहा'. तिसऱ्यांदा दिसले तर तेच म्हणतील, 'काय साहेब, आज आमच्याच मागावर?'